बारदानावरची खूण

रागात असताना सुई हातात घेऊ नये, असं आम्हाला नर्सिंगच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी ते नेमानं पाळलं असं काही म्हणता येणार नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं टोचणं मी डोकं तापलेलं असतानाच टोचलं, आणि तो राग दुसऱ्या कोणावर नव्हता, माझ्या स्वतःवरच होता.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावी मी नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. माहेर तिथलंच, माळी आळीतलं. माझी माय रोज सकाळी टोपल्यांतून मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बाजारात बसायची आणि मी पांढरं पातळ नेसून दवाखान्यात जायची. आळीतल्या बायांना त्या पांढऱ्या पातळाचं भारी अप्रूप होतं. मायला मात्र एवढंच दिसायचं की त्याला साबण फार लागतो.

गावाच्या पश्चिमेला रेल्वेलाइन होती आणि तिच्या पलीकडे जिनिंगचे कारखाने. दिवाळी झाली, कापूस यायला लागला की भोंगे सुरू व्हायचे ते चैत्रापर्यंत. सरकी काढायला, कवडी म्हणजे किडका कापूस वेचायला, गाठी उचलायला माणसं लागायची आणि ती यायची कुठून कुठून. कोणी सातपुडा ओलांडून निमाडातून, कोणी जालन्याकडून, कोणी आपल्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून. कारखान्यांच्या मागच्या पडीक जागेत त्यांची खोपटं उभी राहायची. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाच्या चार भिंती, वर पाचट, आणि दाराला बारदानाचा पडदा. एका खोपटात आठ-आठ, दहा-दहा माणसं. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच्याच अंथरुणावर पडायचा, अंथरूण गारच होत नसे. पाण्याला एक विहीर, आणि बाकीच्या विधीला रेल्वेलाइनचा उतार.

आता ही वस्ती कोणाची, तर कोणाचीच नाही. नगरपालिका म्हणायची, आमची हद्द लाइनीपर्यंत. खेड्यांचं आरोग्य केंद्र म्हणायचं, ही माणसं गावात काम करतात, म्हणजे ती गावाचीच. आमच्या दवाखान्याचं सगळं काम घरपट्टीच्या नंबरावर चालायचं. नंबर असलेल्या घरात लेकरू जन्मलं की जन्माच्या वहीत नाव यायचं, त्या नावावरून मी लस टोचायला जायची. वस्तीतल्या लेकराचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, कारण त्याच्या बापाच्या दाराला नंबर नव्हता. दाराला नंबर नव्हता, कारण मुळात दारच नव्हतं. हे एवढं सरळ होतं की कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटत नसे. खोटं कशाला सांगू, मलाही वाटत नव्हतं.

त्या वर्षी मात्र देवीच्या लसीची मोठी मोहीम निघाली आणि वरून हुकूम आला की लाइनीपलीकडची वस्तीही घ्या. मार्गशीर्षात मी आणि आमचे सॅनिटरी इन्स्पेक्टर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे, असे दोघं चार दिवस तिथं राबलो. मी टोचायची, साहेब वहीत लिहायचे. गावात टोचून झालं की घराच्या भिंतीवर गेरूनं खूण आणि आकडा काढायची रीत होती. वस्तीत भिंती कुडाच्या, त्यांच्यावर गेरू बसेना. मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, पडद्यावर काढू. बारदानावर गेरू असा बसला की धुतल्यानंही जाऊ नये. साहेब खूश. मी तर विचारूच नका. घरी येऊन मायला दोन वेळा सांगितलं, तिनं दोन्ही वेळा भाजी निवडता निवडता ऐकलं. साहेबांनी वरती अहवाल पाठवला, वस्ती पूर्ण.

माघ संपत आला होता. आमचा भाजीचा वाफा वस्तीच्या पलीकडे होता, तिथं त्या दिवशी खुडणीला गेलेल्या मायला डबा देऊन मी वस्तीतून परत येत होते. एका खोपटाच्या पडद्यावर कडुलिंबाचा डहाळा खोचलेला दिसला. दुपारची वेळ, आजूबाजूच्या चुलींवर मिरचीची फोडणी बसत होती, या एकाच चुलीवर काही नाही. घरात माता आली की आपल्याकडे फोडणी देत नाहीत, हे मला शिकवायला नर्सिंग कॉलेज लागलं नव्हतं. मी पडदा उचलला.

आत एक तिशीचा माणूस पडला होता. तोंडावर, हातांवर, तळव्यांवरही दाणेच दाणे, सगळे एकाच वाढीचे आणि बोटाखाली ज्वारीच्या दाण्यासारखे टणक. कांजण्यांचे असे नसतात. कांजण्या अंगावर जास्त आणि कमी-जास्त वाढीच्या येतात. ह्या देवीच होत्या. त्याची बायको कोपऱ्यात बसलेली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तो माणूस गाठी उचलायचा, पूर्वेकडच्या मुलखात नातेवाइकाच्या लग्नाला जाऊन पंधरा-वीस दिवसांपूर्वी परत आला होता. दाणे उठून तिसरा दिवस होता.

मी पळत दवाखान्यात गेले. पळत म्हणजे खरंच पळत, पातळ सावरत, लाइनीवरच्या गेटमननं शिट्टी मारली तरी थांबले नाही. साहेबांनी बुलडाण्याला फोन लावला आणि दोन तासांत आम्ही लस घेऊन वस्तीत हजर. त्या माणसाला वस्तीच्या टोकाच्या रिकाम्या खोपटात हलवलं, टोचलेल्या चौकीदाराला दारात बसवलं, बायकोला टोचून त्याच्याजवळ ठेवलं. मग साहेबांनी वही उघडली. ज्या पडद्यांवर खूण आहे ती घरं झालेली, खूण नाही ती बाकी. संध्याकाळच्या उजेडात आम्ही पडदे बघत फिरलो. प्रत्येक पडद्यापुढे साहेब विचारायचे, निशाण आहे का? आतून आवाज यायचा, हाव, आहे. बिनखुणेची पाच-सात खोपटं निघाली, ती टोचली. साहेब म्हणाले, आपण मार्गशीर्षातच काम केलं म्हणून वाचलो. मला त्या वेळी ते खरं वाटलं. रात्री मी पोटभर जेवले, हे मी अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोग्याला बघून परत निघाले, तर त्याच्या जुन्या खोपटाशेजारच्या पडद्याखालून एक लेकरू रांगत बाहेर आलं. वर्ष-सव्वा वर्षाची पोर असेल, कंबरेला काळा दोरा, बाकी अंगावर काही नाही. पडद्यावर माझ्याच हातचा गेरूचा आकडा, एक्केचाळीस. मी सहज तिला उचललं, कारण रांगत ती विहिरीकडे निघाली होती. आणि उचलल्यावर तिचा दंड दिसला.

दंड कोरा होता. दुसरा बघितला, तोही कोरा. देवी काढली की तीन आठवड्यांत खपली पडते आणि कवडीएवढा व्रण राहतो, तो जन्मभर जात नाही. मी मार्गशीर्षात टोचली असती तर या दंडावर तो असायलाच हवा होता. मला वाटलं, लस वाया गेली असेल, उन्हानं मेली असेल. आतून एक म्हातारी बाहेर आली. तिला विचारलं, या पोरीला देवी टोचली होती ना? ती म्हणाली, आम्ही तर या खोपटात पंधरा दिवसांपूर्वी आलो, निमाडातून. पोरीची आई कारखान्यात आहे.

मी आकड्याकडे बोट दाखवलं. मग हे?

म्हातारीनं सांगितलं ते असं, की आधीचे लोक गहू सोंगायला वरवट बकालकडे गेले. जाताना खोपटं मोडत नाहीत, पडदा तेवढा मागून येणाऱ्याला देऊन जातात. ही वस्तीची रीतच होती. बारदान कारखान्यातून सहज मिळत नाही आणि खोपटाला आडोसा नसला तर बाईमाणसानं निजायचं कसं?

मी तिथंच उभी राहिले. पोर माझ्या कडेवर, माझ्या केसांना लोंबकळत. कोणी कोणत्या पडद्यामागे राहतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी माणसांना टोचलं होतं आणि खूण बारदानावर ठेवली होती. माणसं निघून गेली, खूण मागे राहिली आणि तिच्या आड नवी माणसं येऊन बसली. काल संध्याकाळी साहेबांनी विचारलं, निशाण आहे का, आणि आतल्यांनी खरं तेच सांगितलं, की आहे.

पण त्याहून वाईट पुढेच होतं. मी विचारलं, दिवसा पोरीला कोण सांभाळतं? म्हातारीचे डोळे अधू होते. तिनं शेजारचं खोपटं दाखवलं. पोरीची आई पाळीला गेली की शेजारीण सांभाळायची. शेजारीण म्हणजे त्या रोग्याची बायको. तीन दिवस ही पोर त्या माणसाच्या अंथरुणावर खेळत होती.

देवीच्या रोग्याजवळ गेलेल्याला तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली तर बहुतेक वेळा रोग अडवता येतो. त्यानंतर देवाच्या हातात. म्हणजे त्या दिवशीच टोचायला हवं होतं. थर्मासात कालची विरघळलेली लस उरली होती, ती उपयोगाची नाही, विरघळवलेली लस त्याच दिवशी संपवायची असते. मी दवाखान्यात जाऊन कोरडी कुपी आणि बर्फ घेऊन आले, तोवर दहा वाजले. म्हातारी म्हणाली, आईला विचारल्याशिवाय हात लावू देणार नाही. टोचलं की लेकराला ताप येतो हे तिला ठाऊक होतं. ताप आला तर आईला घरी बसावं लागेल, आणि घरी बसली तर मुकादम तिच्या जागी दुसरी घेईल.

मी कारखान्यात गेले. फाटकात मुकादम. मी म्हटलं, निमाडाकडची अमुक बाई, तिला पाच मिनिटं बाहेर पाठवा. तो म्हणाला, भोंगा झाल्यावर. मी म्हटलं, भोंग्यापर्यंत थांबता येत नाही. तो हसला आणि म्हणाला, मशीन कोणाच्या बापाची वाट पाहत नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, माळी आळीतलं आहे. शेवटी त्याचीच बाही वर केली आणि त्याचा दंड बघितला. कोरा. मी सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असं म्हटलं, की तीन-चार दिवसांपासून तुझ्या कारखान्याशेजारी देवीचा रोगी आहे आणि तुझ्याच अंगावर व्रण नाही, तू आणि तिचं लेकरू एकाच नावेत बसलेले आहात. तो जरा पांढरा पडला आणि आत गेला.

पोरीची आई आली ती कापसाच्या पिंजीनं पांढरी झालेली. वीस-बावीस वर्षांची, उंच, कपाळावर गोंदण. तिला आम्ही दोघी पुढे निमाडवालीच म्हणत राहिलो, म्हणजे मी आणि माझी माय. मी सगळं सांगितलं. माझी चूक होती तेही सांगितलं, कारण त्याशिवाय तिला समजलंच नसतं. ती पडद्याकडे बघत राहिली.

"बाई, मले वाटलं, निशान हाय तं माता या घरात येत नाई," ती म्हणाली. "म्हणून तं पडदा जपून ठेवला."

हे ऐकून मला माझाच राग आला, आणि त्याच रागात मी कुपी फोडली. दोन टोकांची सुई लसीत बुडवून पोरीच्या डाव्या दंडावर पंधरा वेळा, एकाच जागी, रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत. पोर किंचाळून रडली, निमाडवालीनं तिला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू आता पुढचं सगळं माझ्यावर. होतंही. तो दंड उठला, म्हणजे टोचल्या जागी फोड आला, तर पोर वाचायची आशा, नाही उठला तर माझ्या गेरूनं ती पोर मारली असं मी समजले असते, आणि कोणी मला समजावू शकलं नसतं.

दुपारी बाजारात मायपुढे जाऊन बसले. रडले नाही, पण तिला कळलंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या टोपल्यांवर चुन्याची रेघ असायची, सगळ्या माळ्यांच्या टोपल्यांवर आपापली असते, आणि बाजारात टोपल्या सतत इकडच्या तिकडे होतात.

"टोपलीवरची खूण टोपलीची असते वं पोरी, भाजीची नाई," माय म्हणाली. "गिऱ्हाईक रेघ पाहून घेते का? हात घालून पायते. तू बी हात घालून पाय."

मी तशीच उठले आणि साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. पण अहवाल वरती गेलेला होता आणि त्यावर पूर्ण असं लिहिलेलं होतं, आणि कागदावर पूर्ण झालेलं काम अपुरं आहे हे कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणाले, एखादं खोपटं चुकलं असेल, ते टोचलंत ना, झालं. मी म्हटलं, एखादं नाही साहेब, किती ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि हेच वाईट आहे. ते म्हणाले, तुमची नोकरी अजून पक्की नाही, आठवतंय ना? मला चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याहून मोठे डॉक्टर आले, जिल्ह्याचे. पांढरे केस, धुळीनं भरलेली जीप. साहेबांनी वही पुढे केली. डॉक्टर वही चाळत होते, आणि मी मधेच बोलले. म्हटलं, वहीतले पडदे बरोबर आहेत, त्यांच्यामागची माणसं बदललेली आहेत, आणि पडद्यावर खूण काढायची अक्कल माझी. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर उठले. वस्तीत जाऊन त्यांनी स्वतः दहा पडदे उचलले आणि आत बसलेल्यांचे दंड बघितले. दहातल्या चार खोपटांत नवी माणसं होती. परत येऊन हात धुतले, मग मला विचारलं, "मग आता कसं करणार?"

मी रात्रभर तेच घोकलं होतं. सांगितलं, पडदा बघायचा नाही, दंड बघायचा. खोपटं मोजायची नाहीत, चुली मोजायच्या, कारण एका पाचटाखाली तीन-तीन चुली पेटतात. प्रत्येक चुलीपाशी विचारायचं, इथं जेवतं कोण आणि निजतं कोण. आणि जायचं पाळी बदलताना, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, म्हणजे दिवसवाले आणि रातवाले दोन्ही सापडतील. आपण दुपारी बारा वाजता जातो तेव्हा अर्धी वस्ती कारखान्यात असते आणि अर्धी झोपेत.

डॉक्टरांनी साहेबांकडे बघून एवढंच म्हटलं, बाई म्हणतात तसं करा. आणि मला हव्या तेवढ्या कुप्या, दोन माणसं आणि वस्तीतलीच एक बाई सोबतीला, असा कागद तिथंच जीपच्या बॉनेटवर लिहून दिला. वस्तीतली बाई म्हणून मी निमाडवालीचं नाव सांगितलं. मुकादमानं तिची जागा धरून ठेवावी हेही त्या कागदावर आलं. मुकादमालाही मी आदल्याच दिवशी टोचलं होतं, त्यामुळे त्यानं मुकाट्यानं मान डोलावली.

मग जे पाच दिवस आम्ही केले, तसं काम मी नंतर तीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच केलं. पहाटेचा भोंगा व्हायच्या आधी आम्ही वस्तीच्या वाटेवर उभ्या. निमाडवाली पुढे, कडेवर पोर. तिला प्रत्येक चूल माहीत. ती पडदा उचलून आत ओरडायची, निमाडीत, हिंदीत, आमच्या बोलीत, जे चालेल त्यात. कोणी म्हणालं, टोचलं आहे, की ती म्हणायची, दंड दाखव. कोणी म्हणालं, ताप येईल, की पोरीचा दंड पुढे करून सांगायची, माझ्या लेकीला टोचलं, मी तुझी दुश्मन हाय काय? एक म्हातारा पाचटावर चढून लपला, त्याला तिनं खालूनच अशा शिव्या दिल्या की माळी आळी लाजावी. तो उतरला आणि गपगुमान बाही वर करून बसला. साहेबसुद्धा तिसऱ्या दिवशी वही बंद करून चुली मोजायला लागले. मोजताना त्यांची पँट राखेनं माखायची, आणि मी सांगते, त्या माणसाला एवढ्या खुशीत मी कधी बघितलं नव्हतं.

पण माझं लक्ष सगळा वेळ एकाच दंडावर. टोचल्यापासून तिसऱ्या दिवशी पोरीच्या दंडावर नुसता लाल ठिपका. चौथ्या दिवशी एक बारीक पुळी, ती लसीची की ढेकणाची, सांगता येईना. पाचव्या दिवशी पोरीला ताप भरला. त्या सकाळी निमाडवालीनं पडदे उचलताना आवाज चढवला नाही. मी तिच्या खोपटात बसून पोरीचं सगळं अंग बोटांनी चाचपलं, कपाळ, तळहात, तळपाय. कुठं काही नव्हतं. ताप लसीचा असू शकतो, हे मी तिला सांगितलं. रोगाचाही असू शकतो, हे नाही सांगितलं. मायनं घरात दिवा लावला, तो कोणत्या देवीला, ते मी विचारलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी पडदा उचलला तर निमाडवाली पोरीला मांडीवर घेऊन बसलेली आणि हसत होती. पोरीच्या दंडावर टपोरा, मधे खळगा पडलेला फोड, भोवती लाल कडं. अगदी पुस्तकातल्यासारखा. ताप उतरलेला. देवी उठली होती आणि जिथं उठायला हवी तिथंच, दंडावर. माझ्या तोंडून "माय वं" एवढंच निघालं आणि मी तिथं मातीत बसून रडले, पांढऱ्या पातळासकट.

अजून दहा-बारा दिवस धाकधूक होती, कारण रोग अंगात असेल तर तेवढ्यात बाहेर पडतो. आम्ही दोन्ही पाळ्यांना वस्ती फिरत राहिलो. कोणी नवीन आलं की निमाडवाली त्याला पडदा टाकायच्या आधी माझ्याकडे घेऊन यायची. तो रोगी वाचला, तोंडावर खड्डे राहिले, पण वाचला, आणि शेवटची खपली पडेपर्यंत चौकीदारानं त्याला बाहेर येऊ दिलं नाही. दहा दिवस गेले, पंधरा गेले, सहा आठवडे गेले. वस्तीत दुसऱ्या कोणालाही देवी आली नाही. एवढ्या दाटीत, एका अंथरुणावर दोन-दोन पाळ्या निजणाऱ्या माणसांत, एकालाही नाही.

बुलडाण्याचे डॉक्टर पुन्हा आले. मनाला येईल तो पडदा उचलायचे आणि दंड दाखवा म्हणायचे. प्रत्येक दंडावर व्रण नाहीतर खपली. शेवटी एका खोपटात त्यांना एक कोरा दंड सापडला आणि त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून बघितलं. निमाडवाली पुढे झाली आणि म्हणाली, साहेब, हे आज पहाटे जन्मलं, अजून त्याची नाळही सुकली नाही. डॉक्टर मोठ्यानं हसले. मी थर्मास उघडला.

पुढच्या वर्षीपासून वस्तीची वेगळी वही झाली, घरपट्टीच्या नंबराशिवायची. हद्द कोणाची हा वाद सुटला नाही, तो अजूनही सुटला नसेल. पण भोंगे सुरू झाले की दर पंधरा दिवसांनी पाळी बदलताना एक नर्स तिथं जायला लागली, आणि ती दंड बघायची, पडदे नाही.

चैत्रात कारखाने बंद झाले. खोपटं मोकळी व्हायला लागली. निमाडवाली जायच्या दिवशी दवाखान्यात आली, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. पोर आता उभी राहायला शिकली होती, तिनं माझ्या टेबलाला धरून ते दाखवलंही. निमाडवालीनं गाठोड्यातून बारदानाची घडी काढली आणि टेबलावर ठेवली. वर गेरूचा एक्केचाळीस.

मी म्हटलं, हा मागून येणाऱ्याला द्यायचा ना, तुमची रीत आहे. तिनं मान हलवली. पोरीच्या झबल्याची बाही वर केली आणि दंडावरच्या व्रणावर बोट ठेवलं.

"आमचं निशान आमच्यासंगं चाललं, बाई," ती म्हणाली. "हे तुमचं, तुमच्यापाशी राहू द्या."

ती गेली. मी तो पडदा घरी आणला. मायनं तो धुऊन उन्हात वाळवला आणि पुढे कितीतरी वर्षं ओला करून मेथीच्या टोपलीवर झाकायला वापरला. गेरू काही केल्या गेला नाही. बाजारात कोणी विचारलं, माळणबाई, हा आकडा कशाचा, तर ती म्हणायची, माझ्या लेकीच्या चुकीचा, आणि असं म्हणताना तिची मान ताठ असायची.